रजिस्टरमधला ‘मजदूर’

बुऱ्हाणपुरात शाळेचं दाखिल-खारिज रजिस्टर उघडलं की वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात पानामागून पान एकच शब्द दिसतो, ‘मजदूर’. लूम चालवणारा मजदूर, सायझिंगमध्ये उकळत्या खळीपाशी उभा राहणारा मजदूर, केळीचे घड उतरवणाराही मजदूर. मी गणित शिकवत असे. आम्ही मराठी घरातले, शाळा हिंदी माध्यमाची आणि पोरांच्या घरी उर्दू, निमाडी, खान्देशी असं सगळं चालायचं. पालकांना वर्गात बोलवायचं ठरलं, पण त्या रजिस्टरमधून कोणाला काय येतं याचा काडीचाही पत्ता लागेना.

पत्ता लागला तो एका विद्यार्थिनीच्या आजोबांमुळे. सगळे त्यांना चाचाच म्हणत. मोमिनांच्या वस्तीतले जुने विणकर. ‘गणित के पीरियड में आइए’ म्हटल्यावर त्यांनी हात जोडले : ‘सर, मैं अंगूठाछाप आदमी, क्या बोलूँगा?’ हेच उत्तर पुढे मी कितीतरी पालकांकडून ऐकलं. यावर ‘दोन शब्द बोला’ असा आग्रह धरला की हमखास बिघडतं. माणूस येतो, घाबरतो आणि ‘खूब पढ़ो, बड़े आदमी बनो’ म्हणून मोकळा होतो. मी त्यांना वेगळंच विचारलं : सकाळी लूमवर गेल्यावर हात आधी कुठे जातो?

चाचा सुरू झाले. हात आधी ताण्यावरून फिरतो, कुठे सैल दोरा लागतो का बघायला. बाण्याचा दोरा तुटला तर लूम आपोआप थांबतो. ताण्यातला तुटला तर साधा लूम थांबत नाही, तो डोळ्यांनीच धरावा लागतो, नाहीतर थानाला उभी रेघ पडते आणि पैसे कापले जातात. चहा संपेपर्यंत माझ्या तासाचा निम्मा आराखडा तयार होता. तेव्हापासून माझा नियम ठरला : निमंत्रण नंतर, आधी पाहुण्याच्या घरी किंवा कामावर अर्ध्या तासाची बैठक. तिथे तीनच गोष्टी विचारायच्या. कामाची सुरुवात कशी होते, चूक कशी ओळखता आणि हातात घेऊन दाखवता येईल असं काय आहे.

पण पुढची तयारी मी नाही, चाचांनी केली. ‘बच्चे कितने?’ त्यांनी विचारलं. चाळीसेक, मी म्हणालो. ‘मग सूत आणू नका. मागच्या बाकावरच्याला दिसणार नाही. सुतळी आणा, दोन रंगांची.’ खिळे ठोकलेली एक लाकडी चौकटही त्यांनीच मिस्त्रीकडून करवून घेतली. वेळही त्यांनीच ठरवली. लूमवर मजुरी मीटरवर मिळते, तेव्हा दुपारी बोलावणं म्हणजे माणसाच्या ताटातलं काढून घेणं. पाळी बदलायच्या आधीचा पीरियड त्यांना सोयीचा होता, मी वेळापत्रकात तो अदलाबदल करून घेतला. पालक येत नाहीत ही तक्रार मी अनेक शिक्षकांच्या तोंडी ऐकली आहे. त्यातली बरीचशी घड्याळाची तक्रार असते.

आदल्या दिवशी मुलांकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न घेतले. ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ छापाचे बाजूला काढले, ‘एका दिवसात किती कापड?’ हा वर ठेवला.

चाचा म्हणाले, लूम मिनिटाला सुमारे 120 फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्याला बाण्याचा एक धागा पडतो आणि त्या कापडात इंचाला असे 48 धागे बसतात. मुलांनी भागाकार केला : मिनिटाला अडीच इंच, तासाला 150 इंच, म्हणजे जवळजवळ 3.8 मीटर. बारा तासांच्या पाळीत 45 मीटरच्या थोडं वर. पोरं खुश. मग चाचा शांतपणे म्हणाले, ‘निकलता है छत्तीस.’

मग उरलेले साडेनऊ मीटर गेले कुठे? त्या प्रश्नावर वर्ग जो पेटला, तो मला खडूने कधी पेटवता आला नव्हता. कांडी संपली की बदलेपर्यंत लूम उभा. दोरा तुटला की गाठ मारेपर्यंत उभा. एकाच माणसाकडे अनेक लूम, म्हणून दुसरा लूम आपली पाळी येईपर्यंत उभा. वीज गेली की सगळेच उभे. साडेनऊ मीटर म्हणजे अडीच तासांचं थांबणं, हेही मुलांनीच काढलं. मग चाचांनी सुतळीच्या दोन टोकांची विणकरी गाठ दाखवली. तीच गाठ चाळीस जोड्या बोटांनी करून पाहिली, बहुतेकांची सुटली. दहा मिनिटं बोलणं, पंधरा मिनिटं हात, दहा मिनिटं प्रश्न. पुढे सगळ्या पाहुण्यांसाठी मी हेच माप धरलं, कारण बोलणं पंधरा मिनिटांच्या पुढे गेलं की मुलं खिडकीबाहेर बघू लागतात.

त्या वेळी मी वर्गातच होतो, आणि हे मुद्दाम सांगतो. पाहुणा आला की शिक्षकाने स्टाफरूममध्ये जाऊन बसायची पद्धत वाईट. भाषा अडली तर सावरायला, प्रश्न पुढे न्यायला आणि मुलांच्या सुरक्षेसाठीही शिक्षक वर्गात हवा. एखादी आई किंवा आजोबा दर आठवड्याला वाचन घ्यायला येणार असतील तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि वहीत येण्याजाण्याची नोंद. एकट्या मुलासोबत बंद खोली नाही. फोटो विचारून. शाल-श्रीफळावर आमचा वेळ जात नसे. त्या पैशात सुतळी येते.

सरकारी पातळीवरही असं काही झालं आहे. 18 फेब्रुवारी 2017 ला ‘मिल बाँचें मध्यप्रदेश’ मध्ये राज्यभर लोक सरकारी शाळांत जाऊन मुलांसोबत पुस्तकं वाचून आले. मला तो दिवस आवडला, पण एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी कोण पुढे नेणार, हे शाळेलाच ठरवावं लागतं. त्यासाठी वेगळी समिती काढायची गरज नसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. वर्षाच्या पहिल्या बैठकीत त्यांच्यासमोर अभ्यासक्रम ठेवायचा आणि विचारायचं, हा धडा गावात कोणाच्या हातात आहे? पाण्याच्या धड्याला मी एकदा कुंडी भंडाऱ्याकडे बोट दाखवलं. खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल निव्वळ उतारावर शहरात आणणारी ती योजना पोरांच्याच शहराची होती.

माझ्यावरचं चाचांचं ऋण मात्र गाठीपाशी थांबलं नाही. आठवड्याभराने मुलांनी त्यांना पत्रं लिहिली, त्यात साडेनऊ मीटरचं गणित पुन्हा मांडलं. मी ती घेऊन गेलो तर चाचांनी माझ्यासाठी नावं काढून ठेवलेली : सायझिंगवाला, कारण ताण्याला खळ किती लावायची हे टक्क्यांचं गणित. बीम भरणारा, कारण त्याला लांबी मोजावी लागते. आणि लूम दुरुस्त करणारा मास्टर, कारण दातेरी चाकं बदलली की इंचातले धागे कसे बदलतात हे तोच सांगू शकतो. ‘मला पुन्हा नका बोलावू, पोरं कंटाळतील,’ ते म्हणाले.

सायझिंगवाल्याची पाळी दुपारी चारला सुटायची आणि शाळा त्याआधी. मी मुख्याध्यापकांकडे महिन्यातून एका शनिवारी चारनंतर तास घेण्याचा अर्ज टाकला.