शिक्क्यांची रांग की एकच प्रमाणपत्र?

परदेशी न्यायच्या कागदावर जितके शिक्के जास्त, तितका तो भक्कम, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. २००५ साली अपॉस्टिलचा हेग करार भारताला लागू झाला, तेव्हाही एका चौकोनी स्टिकरवर परका अधिकारी भरवसा ठेवेल, हे मला पटत नव्हतं. आज मी उलट मताचा आहे. प्रत्येक शिक्का नेमकी कशाची ग्वाही देतो, हे नीट पाहिल्यावर मत बदललं.

पुणे महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला घ्या. जोडप्याला दुबईला जायचं असेल, तर आधी मंत्रालयात राज्य शासनाचा शिक्का, मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या वकिलातीचा आणि शेवटी त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. कारण अमिराती या करारात नाही. पण वकिलात महापालिकेचं दफ्तर उघडून बघत नाही. ती आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सही ओळखते, आणि त्या मंत्रालयाने राज्याची सही ओळखलेली असते. प्रत्येक जण फक्त आपल्या आधीच्या सहीची खात्री देतो. चार शिक्के पडले, म्हणून लग्नाची नोंद चारदा तपासली गेली असं होत नाही.

तोच दाखला नेदरलँड्सला न्यायचा असेल, तर राज्याच्या शिक्क्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल लागतं आणि काम संपतं. त्यावर दहा ठरलेल्या नोंदी असतात: देश, सही कोणाची, कोणत्या पदावरून, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख वगैरे. मला सर्वांत मोलाची वाटते ती क्रमांकाची नोंद. देणाऱ्या कार्यालयाला तो क्रमांक आपल्या नोंदवहीत ठेवावा लागतो आणि संबंधिताने विचारल्यास मजकूर जुळतो का, हे सांगावं लागतं. म्हणजे शंका आली तर थेट कुठे विचारायचं, हे परक्या अधिकाऱ्याला कळतं. शिक्क्यांच्या रांगेत अशी एक जागा नसते.

अपॉस्टिललाही मर्यादा आहे. ते सही, पद आणि शिक्का यांच्या खरेपणाची खात्री देतं. दाखल्यातला मजकूर खरा आहे, असं म्हणत नाही. जर्मनीने करारातल्या भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत अपॉस्टिल चालत नाही. जर्मन वकिलाती आपल्याकडच्या दाखल्यांची मुळापासून पडताळणी करून घेतात. त्यांचा प्रश्न मूळ नोंदीचा आहे, आणि तो आणखी दहा शिक्के मारूनही सुटणार नाही.

म्हणून आता माझ्याकडे कोणी विचारायला आलं, तर मी आधी मूळ दाखला बघतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का? दाखला लॅमिनेट केलेला तर नाही? सही इतक्या जुन्या अधिकाऱ्याची तर नाही, की तिचा नमुना राज्याच्या कार्यालयात सापडणारच नाही? तसं असेल तर नवी प्रत काढायला सांगतो. खरी मेहनत तिथे घ्यावी. त्यानंतर, जिथे अपॉस्टिल चालतं तिथे, एक अपॉस्टिल पुरेसं आहे.