म्हण कुणी म्हणायची आणि कधी

गिरणगावातल्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला म्हणी पुस्तकात भेटल्या त्याआधी भांडणांत भेटल्या. दहा बाय बाराच्या खोल्या, समोर सामायिक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला नळ. कुणाचा आवाज चढला की चार खोल्यांपलीकडे कळायचं. अशा वेळी मोठी माणसं म्हण वापरायची ती बेतून. कुठल्या भांडणाला कुठली म्हण आणि ती कुणाच्या तोंडी शोभते, हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

नळावरचं भांडण बहुतेक वेळा आळ घेण्यावरून पेटायचं. पहाटे पाणी येण्याआधीच हंडे-कळश्यांची रांग लागलेली असे. एकदा कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंची पितळी कळशी रांगेत दिसेना. त्यांनी थेट शेजारणीचं नाव घेतलं आणि बोलता बोलता तिचं माहेरही काढलं. भांड्यांवर नावं घातलेली असायची, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. कळशी काकूंच्याच मोरीत निघाली. लेकीनं रात्री आत नेऊन ठेवली होती. तेव्हा आजी म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! आधी घरात बघूचा नाय गो?" शेजारीणही काहीतरी बोलायला पुढे झाली, पण आजीनं तिला हातानंच थांबवलं. जिच्यावर आळ आला तिनंच ही म्हण ऐकवली तर तो टोमणा होतो आणि मग शब्दानं शब्द वाढतो. खरंखोटं कळल्यावर तिसऱ्या, वडीलधाऱ्या माणसानं म्हटली की भांडण तिथेच मिटतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पगार थांबला, भोंग्यावर चालणारा दिवस मोडला आणि भांडणं नळावरून खोलीत आली. राग मालकावर असायचा, पण मालक काही हाती लागत नव्हता. मग धाकट्याच्या हातून दूध सांडलं की त्याच्या पाठीत धपाटा बसे. याला म्हण ठरलेली होती : वड्याचं तेल वांग्यावर. पण आई ती मुलांदेखत कधीच म्हणाली नाही. आधीच मिळवता हात रिकामा झालेला, त्यात पोरांसमोर बोल लागला तर माणूस आणखी चिडतो. जेवणं उरकून आम्ही आडवे झालो की तिचा हळू आवाज यायचा, "अहो, वड्याचं तेल वांग्यावर कशाला काढता? त्या लेकराला काय ठाऊक?" दुसऱ्या दिवशी वडील धाकट्याला सोबत घेऊन खाली फिरायला जायचे.

संप लांबला तशी वाण्याची वही भरत गेली. एका संध्याकाळी वाण्यानं चारचौघांत मागची बाकी काढली. काका तणतणत वर आले. वाण्याला चार शब्द सुनावून त्याचं खातंच बंद करायचं म्हणून पुन्हा चपला घालू लागले. आजी दारात उभी राहिली. "अति राग, भीक माग. उद्या पोरांका काय घालशील?" काका बराच वेळ गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहिले. सकाळी हाताशी होते तेवढे पैसे वाण्याच्या गल्ल्यावर ठेवून त्यांनी पुढची मुदत मागून घेतली. खातं चालू राहिलं. ही म्हण उंबरठ्याच्या आत असेपर्यंतच कामाची. माणूस बोलून परत आल्यावर ती म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

एका म्हणीला मात्र आमच्या बायकांनी स्पष्ट मर्यादा घातली होती. जावाजावांचं वाजलं किंवा भावाभावांत वाटणीवरून जुंपली की "एका हातानं टाळी वाजत नाही" असं सर्रास म्हटलं जाई आणि ते योग्यही होतं, कारण दोघांनाही एकेक पाऊल मागे यायचं असे. पण मजल्यावर एक जण दारू पिऊन बायकोला मारायचा. कुणीतरी तिथेही हीच म्हण म्हणाला, तेव्हा काकू कडाडल्या, "तिनं हात उचललाय कधी? मग टाळी कसली?" त्या रात्री बायकांनी तिला आणि तिच्या पोरांना आपल्या खोलीत आणलं आणि तिच्या भावाला निरोप धाडला. रागाला आवर घालायला सांगणाऱ्या म्हणी बरोबरीच्या माणसांच्या भांडणासाठी असतात. मार खाणाऱ्याला त्या ऐकवल्या, तर मारणाऱ्याचाच हात बळावतो. हा फरक ज्यांना कळत होता, त्यांच्याच तोंडच्या म्हणी आम्ही मुकाट ऐकल्या.