उत्तराचं ओझं

हिवाळ्यात आयर्लंडमधल्या मेनूथमध्ये रात्री अकरा ते एक ही वेळ आपल्याकडून शिकायला आलेल्या मुलांना फार एकटी जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे येतात आणि भारत साडेपाच तास पुढे जातो. इथे बारा वाजतात तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेपाच झालेले असतात. आई उठलेली नसते, गावाकडचे मित्र झोपेत असतात आणि खोलीतला जोडीदारही घोरत असतो. मनातलं बोलून दाखवावं आणि समोरच्याने "थांब, सकाळी बघू" म्हणावं, असं त्या दोन तासांत कोणी नसतं. हातात फोन असतो आणि फोनमध्ये आवडणाऱ्या मुलीचं नाव.

मी या गावात काही वर्षं राहते आहे. गणपतीला, दिवाळीला विद्यापीठातली मराठी मुलं घरी जेवायला येतात, त्यामुळे त्यांच्या अडचणीही घरापर्यंत येतात. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यातला एक जण दारात उभा राहिला. आठ वाजत आले होते, तरी बाहेर नीट उजाडलं नव्हतं. रात्री पाऊण वाजता त्याने वर्गातल्या एका मुलीला लांबलचक मेसेज पाठवला होता. ती आवडते, कधीपासून आवडते, तिच्याशिवाय इथे करमत नाही, असं सगळं त्यात होतं. दोघं एकाच प्रोजेक्टच्या गटात होती आणि अकरा वाजता त्याच गटाची बैठक होती. मेसेजखाली दोन करड्या खुणा दिसत होत्या, त्या अजून निळ्या झाल्या नव्हत्या.

"ताई, डिलीट करू का? अजून वाचला नाहीये तिने."

अशा सकाळी पहिला विचार हाच येतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पहिल्या पंधरा मिनिटांतच दुरुस्त करता येतो. तो सर्वांसाठी पुसायला मात्र जवळजवळ अडीच दिवस मिळतात. पण पुसल्यावरही तिथे मेसेज पुसल्याची खूण उरते. शिवाय खुणा करड्या आहेत एवढ्यावरून तिने तो वाचलाच नाही असं म्हणता येत नाही. बंद पडद्यावरच्या सूचनेत पहिल्या ओळी दिसलेल्या असू शकतात, किंवा तिने निळ्या खुणांची सोय बंद केलेली असू शकते. मग तिला अर्धं कळलेलं असतं आणि उरलेलं पुसलेलं दिसतं. तिने ते विचारायचं की न पाहिल्यासारखं करायचं, हा आणखी एक प्रश्न आपण तिच्यासमोर ठेवतो. दुसऱ्या कोणाचं गुपित त्यात लिहिलं गेलं असेल तर जरूर पुसावं. एरवी राहू द्यावं. मी त्याला तेच सांगितलं.

मग त्याने वाटेत लिहून ठेवलेला माफीचा मेसेज दाखवला. "सॉरी, सॉरी, मी शुद्धीत नव्हतो. तुला राग आला का? प्लीज काहीतरी बोल. आपली मैत्री तुटणार नाही ना? एकदा माफ केलं म्हण." तो वाचताना माझ्या पोटात गोळा आला. पुण्यात कॉलेजात असताना मलाही असाच एक मेसेज आला होता. त्या रात्रीच्या मेसेजचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. त्रास झाला तो सकाळपासून एकामागून एक येणाऱ्या माफ्यांचा. प्रत्येक माफीला उत्तर हवं होतं, आणि काय लिहिलं म्हणजे तो दुखावणार नाही आणि आशाही धरणार नाही, हे मला सुचत नव्हतं. शेवटी मी लायब्ररीत जायची वेळ बदलली.

ही कोंडी माझ्या एकटीची नव्हती, हे पुढे वाचनातून कळलं. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले. त्यांतून दिसलं ते असं: प्रेम करणाऱ्याने काय करावं हे कथा-सिनेमांनी शिकवून ठेवलेलं असतं. नकार देणाऱ्याने कसं वागावं याचा असा ठरलेला धडा कुठेच नसतो. त्यामुळे काही चूक नसताना त्याच्या वाट्याला अपराधीपणा येतो. २०१९ मध्ये व्हनेसा बोन्स आणि लॉरेन डेव्हिन्सेंट यांनी दाखवलं की नकार देणं समोरच्याला किती जड जातं, याचा अंदाज विचारणाऱ्याला कमीच येतो. सकाळी दुरुस्त करायचं असतं ते हे. प्रेम वाटलं यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. भलत्या वेळी तिच्यावर टाकलेलं उत्तराचं ओझं मात्र उचलून घ्यायचं असतं.

त्या नजरेने आम्ही त्याचा मजकूर पुन्हा पाहिला. "शुद्धीत नव्हतो" हे आधी काढलं. ते खरं नव्हतं, आणि तसं म्हटलं की रात्रीचं किती खरं धरायचं हे कोडं तिलाच सोडवावं लागतं. मग सगळे प्रश्न काढले. माफीची मागणीही काढली. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले. चूक माझी आहे हे मान्य करणं त्यांत सर्वांत वजनदार ठरलं, त्याखालोखाल झालेलं निस्तरण्याची तयारी, आणि क्षमेची याचना सर्वांत शेवटी. शेवटी उरलं ते असं:

"काल रात्री तुला लांब मेसेज पाठवला. त्यात लिहिलं ते खरं आहे, पण ते असं अवेळी तुझ्यावर टाकायला नको होतं. ती चूक माझी. यावर तू काही लिहायची गरज नाही, आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही. प्रोजेक्टचं काम ठरलंय तसंच करू. माझ्याबरोबर काम करणं तुला अवघड वाटलं, तर गट मी बदलून घेईन."

मेसेज साडेनऊला गेला. पोटात दोन घास गेल्यावर, पण अकराच्या आधी, म्हणजे समोर आल्यावर तिला चेहऱ्यावरून काही ताडावं लागू नये. यात एक मर्यादा आहे, तीही त्याला सांगितली. तिने आधी कधी नकार दिलेला असता तर "खरं आहे" हे वाक्यसुद्धा लिहायचं नव्हतं. तेव्हा चूक कबूल करून थांबायचं आणि पुन्हा लिहायचं नाही.

पुढचं काम मेसेजपेक्षा कठीण होतं. मेनूथची वस्ती १७ हजारांच्या आसपास. एकच मोठा रस्ता, डब्लिनला जाणाऱ्या गाडीचं एकच स्टेशन, फिरायला रॉयल कॅनॉलचा तोच काठ. इथे माणूस टाळता येत नाही. तो बैठकीला गेला, नेहमीच्या जागी बसला, आपल्या वाट्याचं काम दाखवलं. तिच्या मैत्रिणीकडे चौकशी केली नाही. ती शेवटची ऑनलाइन कधी होती हे पाहत बसला नाही. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला. त्यात फक्त आकडेवारीच्या फाइलबद्दल विचारलं होतं. त्याने फाइल पाठवली आणि तेच उत्तर आहे हे ओळखलं. त्याला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं त्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून बोलून घेतलं, तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही.

दुरुस्ती झाली का, असं त्याने मला नंतर विचारलं. ती पूर्वीसारखी हसून बोलते का, यावरून ते ठरत नाही. ती गटात राहिली, बैठकीच्या वेळा बदलल्या नाहीत, कामात न पटलेलं त्याच्या तोंडावर सांगत राहिली. आपल्याला जपून वागावं लागतंय असं तिला वाटलं असतं, तर हे झालं नसतं. त्याला हवं होतं ते मिळालं नाही, पण ती जशी वावरत होती तशी वावरत राहिली. म्हणून मी त्याला म्हटलं, "हो, झाली."