दोन आसनांच्या मधली जागा

गणेशोत्सवातल्या मिरवणुकीत किंवा प्रजासत्ताक दिनाच्या मैदानावर ज्यांनी मल्लखांब पाहिला, त्यांच्या डोळ्यांत बहुधा मनोरा राहिलेला असतो. एका खांबाला आठ-दहा मुलं लगडलेली, वरच्याच्या हातात झेंडा. ते दृश्य मलाही आवडतं. पण स्पर्धेच्या मॅटवर मनोरा नसतो. तिथे खांबापाशी मुलगा एकटाच असतो, आणि त्याच्या हाती जेमतेम दीड मिनिट.

आधी तो खांबच नीट पाहायला हवा. शिसवी किंवा सागवानी, जमिनीवर साधारण साडेआठ फूट. तळाशी त्याचा घेर पंचावन्न सेंटिमीटरच्या आसपास. वर जाताना तो निमुळता होत जातो, मग एकदम बारीक मान, आणि मानेवर बोंड. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभट्टदादा देवधरांनी या विद्येला नवं जीवन दिलं, ते कुस्तीच्या सरावासाठी. त्यामुळे खांबाला मान असावी, अंग असावं, हे ओघानंच आलं. तळाशी मांड्यांना भरपूर लाकूड मिळतं. मानेपाशी ते इतकं कमी होतं की पकडीची सगळी रीतच बदलावी लागते.

खांबाला एरंडेल चोळतात, याचं नवख्याला नवल वाटतं. धरायचंय तर निसरडं कशाला? कोरडं लाकूड कातडीला धरून ठेवतं, अंग फिरू देत नाही आणि फिरवलंच तर साल काढतं. तेलामुळे अंग खांबाभोवती वळतं. मग धरून ठेवण्याचं काम मात्र सगळं स्नायूंवर येतं.

ते काम कसं होतं, हे एका साध्या अढीत दिसतं. खेळाडू हातांनी खांब धरतो, पाय वर फेकतो, डोकं खाली जातं आणि मांड्या खांबाला कवळ घालतात. आता हात सुटले तरी चालतात, कारण सगळा भार मांड्यांवर आहे. मग तो पोटाच्या बळावर वर उठतो, खांब पुन्हा पकडतो, पहिल्यापेक्षा वर. अढी म्हणजे मल्लखांबाचं पाऊल. बगली, दसरंग, फिरकी या पुढच्या कसरती अढीतून निघतात आणि पुष्कळदा अढीतच परततात. खांबाला वळसे घेत वर चढत जाते ती वेल. खाली येते ती उतरंडी.

कच्ची अढी ओळखता येते. मांड्या बसल्या की अंग जागच्या जागी थांबायला हवं. ते दोन बोटं जरी खाली घसरलं तरी पकड उशिरा आवळली गेली, असं समजावं. दुसरी खूण हातांची. वर उठल्यावर हात एकदाच पडायला हवा. तो पडून पुन्हा सरकला, तर पंचाच्या कागदावर दशांश कमी होतात. गुडघा वाकला, पायाचे चवडे ताणलेले नसले, उतरताना मॅटवर जास्तीचं पाऊल पडलं, तरीही होतात.

गुण दहापैकी असतात. कसरती अवघडपणानुसार वर्गांत मांडलेल्या आहेत, आणि सेटमध्ये त्या त्या वर्गातल्या ठरावीक कसरती याव्या लागतात. मग त्या किती स्वच्छ झाल्या, एकीतून दुसरी कशी निघाली, हे पाहिलं जातं. पंचांच्या गुणांतले टोकाचे वगळून मधल्यांची सरासरी धरतात. बोंडावरच्या मयूरासनाला प्रेक्षक टाळी देतात, आणि ती त्याला मिळायलाच हवी. पण चांगला सेट आणि साधा सेट यांतला फरक मला त्या मयूरासनात क्वचितच दिसला आहे. तो दिसतो आसन सुटल्यापासून पुढची पकड बसेपर्यंतच्या क्षणात. तिथे कुणी श्वास घ्यायला थांबतो, कुणी थांबत नाही.

टांगत्या मल्लखांबावर हाच प्रश्न कठीण होतो. तो आखूड खांब साखळीनं वर अडकवलेला असतो. तळ जमिनीपासून सुटलेला, त्यामुळे तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. इथे खेळाडूला स्वतःच्या तोलाबरोबर लाकडाचाही तोल सांभाळावा लागतो.

आणि दोरी. पूर्वी हा वेताचा मल्लखांब होता. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. मुलींनी हा प्रकार आपलासा केला, आणि आज त्या पुरलेल्या खांबावरही उतरतात. दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायची, अंगाला तिचे वेढे घ्यायचे, आणि कुठेही गाठ मारायची नाही. वेढे नुसत्या ताणावर टिकतात. चुकीच्या बाजूनं एक वेढा पडला तर आसन बसेल, पण त्यातून सरळ बाहेर पडता येणार नाही. सोडवायला वेळ जाईल आणि लय तुटेल. उत्तम खेळाडूच्या अंगावरून दोरी एका ओघात उलगडते.

तुमच्या गावात जिल्ह्याची स्पर्धा असेल तेव्हा जरूर जा, आणि खांबाच्या बाजूला बसा, समोर नको. समोरून आसनं दिसतात. बाजूनं मांड्यांची पकड दिसते.