तुकडी बदलून मिळणेबाबत

एका रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. नुकताच मोंढ्यातून खोलीवर पोचला होता.

"मामा, सरनं अर्ज वापस दिला. म्हणायले, असे अर्ज रोज चार येतात."

भाचा परभणीत बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, 'ब' तुकडीत. गाव पाथरी तालुक्यात, म्हणून परभणीत खोली घेऊन राहतो. नव्या मोंढ्यात एका आडतीवर दुपारी एकपासून पट्ट्या लिहायचं काम त्याला मिळालंय. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब: वजन, भाव, त्यातून वजा होणारी हमाली-तोलाई, आणि हातात पडणारी रक्कम. अक्षर चांगलं आणि बेरीज पक्की म्हणून मालकाने ठेवून घेतलं. त्या पैशांत खोलीचं भाडं आणि मेस निघते. काम गेलं तर गावाकडून रोज एसटीने ये-जा करावी लागेल, आणि तेवढ्या फेऱ्यांत कॉलेज किती दिवस टिकेल ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, अर्जाचा फोटो पाठव. पाठवला. घरची परिस्थिती हलाखीची, वडील अल्पभूधारक, शिक्षणाची आवड, तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. सगळं खरं होतं. पण कोणत्या तुकडीतून कोणत्या तुकडीत जायचंय, कधीपासून, कोणते तास बुडतात, यातलं एक अक्षर नव्हतं!

वाचताना हसू आलं आणि पोटात गोळाही आला. कारण अगदी असाच अर्ज मी २००१ साली लिहिला होता. तेव्हा मी एका एसटीडी बूथवर बसायचो. आमच्या विभागप्रमुखांनी अर्ज घेतला, "बघू" म्हणाले आणि टेबलाच्या खणात टाकला. नाही म्हणाले नाहीत, म्हणून मी होच धरलं आणि 'अ' तुकडीत जाऊन बसू लागलो. हजेरीपटावर नाव मात्र जुन्याच तुकडीत. वर्षाच्या शेवटी हजेरी कमी असणाऱ्यांची यादी लागली, त्यात मी. "सर, मी अर्ज दिला होता." "पोच दाखव." पोच कुठली! वर्ष गेलं. घरी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, आक्का हा ब्लॉग वाचते.

असो. तर मी भाच्याला म्हटलं, आधी फीची पावती काढ. त्याला कळेना की पावतीचा इथे काय संबंध. पुष्कळ कॉलेजांत एक तुकडी अनुदानित असते आणि दुसरी विनाअनुदानित. दोघांची फी वेगळी, शिष्यवृत्तीचे कागद वेगळे. तसं असेल तर तुकडी बदलणं विभागप्रमुखांच्या हातात उरत नाही, प्रकरण प्राचार्य आणि कार्यालयाकडे जातं. मग सरांपुढे कितीही रडा. सुदैवाने त्याच्या दोन्ही तुकड्या एकाच प्रकारच्या निघाल्या.

मग वेळापत्रक घेऊन बसलो. 'ब' तुकडीचे रोज चार तास, साडेअकरा ते पावणेतीन. शेवटचे दोन बुडतात. म्हणजे आठवड्याच्या चोवीसपैकी बारा, पन्नास टक्के. अट पंचाहत्तरची. पण खरी गोम पुढे होती. त्याच्या कॉलेजात हजेरी विषयवार बघतात. अकाउंटन्सीचे आठवड्याला चार तास, त्यातले तीन एकनंतर. म्हणजे ज्या विषयाच्या जोरावर नोकरी मिळाली, त्याच विषयात हजेरी पंचवीस टक्के! हे त्याच्या अर्जात नव्हतं, आणि सरांना पटण्यासारखं हेच एक होतं.

आता सरांच्या बाजूने बघा. 'अ' तुकडी सकाळी साडेसातला भरते, पावणेअकराला सुटते. काम करणारी सगळी पोरं तिथेच जागा मागणार. वर्गाची संख्या ठरलेली. एकाला घेतलं की दुसऱ्या दिवशी दहा जण दारात उभे. गरिबीला सर नाही म्हणत नसतात, जागा नाही म्हणून नाही म्हणतात. म्हणून मी भाच्याला म्हटलं, जागा तूच शोध. 'अ'मध्ये असा कोण आहे ज्याला सकाळ नकोशी झालीय?

दोन दिवसांत सापडला. जिंतूरहून रोज एसटीने येणारा मुलगा. चाळीसेक किलोमीटर, पहिला तास जवळजवळ रोज बुडतो. त्याला 'ब' हवी होती आणि मागायची कशी हे माहीत नव्हतं.

एकच अडचण राहिली, मालकाचा दाखला. लेटरहेडवर लिहून द्यायला शेठ तयार होईना. उद्या कोणी कामगार म्हणून हक्क सांगितला तर, ही त्याची भीती. शेवटी साध्या कागदावर कामाची वेळ लिहून, सही करून, आडतीचा शिक्का मारून दिला. तेवढं पुरलं.

नवा अर्ज असा झाला:

"प्रति, मा. विभागप्रमुख, वाणिज्य विभाग. मार्फत: वर्गशिक्षक, बी. कॉम. द्वितीय वर्ष 'ब'.
विषय: 'ब' तुकडीतून 'अ' तुकडीत परस्पर बदल मिळणेबाबत.
महोदय, मी 'ब' तुकडीत शिकत असून दुपारी १ ते रात्री ९ आडत दुकानात काम करतो. त्यामुळे रोजचे शेवटचे दोन तास बुडतात आणि अकाउंटन्सीचे आठवड्यातील चारपैकी तीन तास मिळत नाहीत. 'अ' तुकडीतील एक विद्यार्थी माझ्या जागी 'ब' तुकडीत येण्यास तयार असून त्याचा अर्ज सोबत आहे. दोन्ही तुकड्यांची संख्या बदलणार नाही. येत्या सोमवारपासून बदल मिळावा ही विनंती.
सोबत: कामाच्या वेळेचा दाखला, बुडणाऱ्या तासांवर खुणा केलेले वेळापत्रक, फीची पावती, ओळखपत्राची प्रत."

हलाखी, सहानुभूती सगळं गेलं. भाचा म्हणाला, "मामा, हे लईच कोरडं व्हायलंय." होऊ दे. दोन प्रती काढ, एक आत दे आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नको, असं तीनदा बजावलं.

काल संध्याकाळी उलट्या खुणेचा फोटो आला: 'मंजूर'. खाली लाल शाईत सरांनी लिहिलेलं, 'जुन्या तुकडीतील हजेरी कायम धरली जाईल.' हजेरीपटात नाव सगळ्यात शेवटी.

"मामा, मग बुडलेल्या तीन आठवड्याचं काय?"

हिशोब केला. पंधरा आठवड्यांत अकाउंटन्सीचे साठ तास धरले तर पंचेचाळीस भरायला हवेत. म्हणजे पंधराची मुभा. नऊ आधीच गेलेत. उरले सहा. दसऱ्यानंतर सोयाबीनच्या गाड्या लागल्या की शेठ सकाळीही बोलावणार, हे नक्की. म्हटलं, तेव्हासाठी ते सहा राखून ठेव, आणि शेठला आकडा आत्ताच सांगून टाक.

"सांगतो," म्हणाला. पहाटे सहाचा गजर लावायचाय म्हणून फोन ठेवला.