खड्डा, पायरी आणि सुई

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अम्मीची भिशी लागली. बारा बायकांची, महिना दीड हजाराची भिशी. हातात अठरा हजार आले. पैसे मोजून तिने माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "नातीला फोन घेऊन दे. पण एकदाच घे, नीट घे. आज अठराला घेतला आणि महिन्याने पंधराला मिळाला, तर माझ्या जिवाला लागेल."

लेकीला एक ऑगस्टला परगावच्या वसतिगृहात राहायला जायचं होतं. तिच्या जुन्या फोनची चार्जिंगची जागा ढिली झाली होती. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच तो चार्ज व्हायचा. म्हणजे आमच्याकडे साधारण सहा आठवडे होते.

फोन लेकीने आधीच निवडला होता. ऑनलाइन किंमत 17,999 रुपये. वर खोडलेली एमआरपी 24,999 आणि शेजारी ठळक अक्षरांत 28 टक्के सूट. मला तर तेव्हाच घ्यावासा वाटला. पण लेकीने किमतींचा इतिहास दाखवणारी एक साइट उघडली, त्यात फोनच्या पानाचा पत्ता टाकला आणि एक आलेख समोर आला. त्यावर लिहिलं होतं, आतापर्यंतची सर्वात कमी किंमत 14,499. लेक म्हणाली, "मम्मी, थांबू या. साडेतीन हजार वाचतील."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. मजकूर वाचणं हा माझा धंदा, पण रेषा वाचणं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आलेख गणिताच्या सरांपुढे ठेवला. त्यांनी जे दाखवलं ते इथे लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या घरांत फोन ही वर्षातली सर्वात मोठी खरेदी असते.

सरांनी रेषेकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "मॅडम, आधी डावीकडचे आकडे वाचा." डावीकडची उभी पट्टी शून्यापासून नव्हे, चौदा हजारांपासून सुरू होत होती आणि एकोणीस हजारांवर संपत होती. म्हणजे सगळं चित्र पाच हजारांत कोंबलेलं. त्यामुळे दीड हजारांची घट कड्यावरून कोसळल्यासारखी दिसत होती. अठरा हजारांच्या वस्तूत ती बाराव्या हिश्श्याएवढी. आकडा वाचल्याशिवाय उंचीवर विश्वास ठेवायचा नाही, हा पहिला धडा.

मग त्यांनी रेषेवर बोट फिरवायला सांगितलं आणि मला तीन आकार वेगळे करून दाखवले.

पहिला आकार खड्ड्याचा. किंमत खाली जाते, काही दिवस तिथेच राहते आणि परत मूळ जागी येते. हा सेल. आमच्या फोनच्या आलेखात असे तीन खड्डे होते. सप्टेंबरअखेरच्या सणासुदीच्या सेलमध्ये 18,999 वरून 16,999, नऊ दिवस. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला 17,999 वरून 16,499, सहा दिवस. मे महिन्यात पुन्हा 16,499, पाच दिवस.

दुसरा आकार पायरीचा. किंमत उतरते आणि परत चढत नाही. हा फोन आदल्या ऑगस्टमध्ये 18,999 ला बाजारात आला. डिसेंबरच्या मध्यावर तो 17,999 वर उतरला आणि सेलचे दिवस सोडले तर तिथेच राहिला. पायरी म्हणजे कंपनीनेच भाव कमी केला. बहुधा मॉडेल जुनं होऊ लागल्यामुळे किंवा नवं येऊ घातल्यामुळे. पायरी वरही चढते. 1 एप्रिल 2020 रोजी मोबाइलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, तेव्हा कितीतरी फोनांच्या रेषा वर सरकल्या. कितीही वाट पाहिली तरी तशी पायरी सेलच्या खड्ड्यासारखी आपोआप भरून येत नाही.

तिसरा आकार सुईचा. मार्चमधल्या एका दिवशी रेषा सरळ खाली 14,499 ला टेकून लगेच वर आली होती. लेकीला जी किंमत मिळवायची होती, ती हीच. सर म्हणाले, "एवढी बारीक रेघ दिसली की आधी संशय घ्यायचा." आलेखाचा कालावधी एका वर्षावरून एका महिन्यावर आणला, तेव्हा कळलं की ती किंमत काही तासच होती. मग त्याच फोनचं कमी मेमरीचं मॉडेल उघडलं. आपण घेणार होतो तो 8 जीबी रॅमचा, हा 6 जीबीचा. त्या दिवशी त्याची किंमत नेमकी 14,499 होती. दोन्ही मॉडेलं विक्रीच्या एकाच पानावर असतात. किंमत टिपणाऱ्या साइटने त्या दिवशी शेजारच्या मॉडेलची किंमत उचलली होती. म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या फोनला ही किंमत कधी नव्हतीच. लेकीचा चेहरा पडला, पण नसलेल्या भावासाठी वर्षभर थांबण्यापेक्षा ते बरं.

सुई प्रत्येक वेळी अशीच लागते असं नाही. कधी एखादा विक्रेता चुकीचा आकडा टाकतो आणि मग ऑर्डर रद्द होते, कधी दोन तासांची मर्यादित विक्री असते. कारण कोणतंही असो, आपल्याला पाहायची ती सर्वात कमी किंमत नव्हे. काही दिवस टिकलेली आणि पुन्हा पुन्हा आलेली किंमत पाहायची. आमच्या आलेखात ती 16,499 होती. दोनदा आली होती, दोन्ही वेळा पाच-सहा दिवस होती.

आता हिशेब सोपा झाला. नेहमीचा भाव 17,999, पदरात पडू शकेल असा भाव 16,499. थांबण्याचा फायदा साडेतीन हजार नव्हे, दीड हजार. दीड हजार म्हणजे अम्मीचा भिशीचा एक हप्ता, त्यामुळे तो सोडायचा नव्हता. दोन मोठे सेल समोर होते, एक जुलैत आणि एक सप्टेंबर-ऑक्टोबरात. एक ऑगस्टची तारीख ठरलेली, म्हणून आमच्यासाठी फक्त जुलैचाच. लेकीने साइटवर 16,500 ची सूचना लावून ठेवली. किंमत त्याखाली आली की तिच्या फोनवर निरोप यावा म्हणून.

जून संपताना एक गंमत झाली. निरोप तर आला नाहीच, उलट किंमत 18,499 झाली. लेक घाबरली. मी आलेख मोठा करून पाहिला. जानेवारीच्या आणि मेच्या खड्ड्याआधीही आठ-दहा दिवस अशीच छोटी टेकडी होती. आधी थोडं चढायचं, मग उतरायचं. दहा दिवसांनी सेल लागला आणि पानावर लिहून आलं, दोन हजार रुपयांनी स्वस्त, एमआरपीवर 34 टक्के सूट. किंमत 16,499. टेकडीवरून मोजले तर दोन हजार, नेहमीच्या भावावरून मोजले तर दीड हजार. आणि 24,999 या आकड्यापर्यंत तर रेषा वर्षभरात एकदाही गेली नव्हती. मग त्यावरची 34 टक्के सूट कोणाला मिळाली?

जाहिरातीत मात्र 15,499 लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत अट होती, एका ठराविक बँकेच्या क्रेडिट कार्डवर आणखी हजार रुपये कमी. हे आलेखात दिसत नाही. ही रेषा पानावरची उघड किंमत टिपते. बँकेची सूट, जुना फोन देऊन मिळणारी रक्कम, टिक करायचं कूपन यांतलं काही सहसा तिच्यात नसतं. म्हणून जाहिरातीतला आकडा आलेखातल्या जुन्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही. दोन्हीकडे उघड किंमतच धरायची आणि आपल्याकडे ते कार्ड खरंच असेल तरच हजार वजा करायचे. आमच्याकडे नव्हतं. हप्त्यांचा पर्यायही होता, बिनव्याजी म्हणून. त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात आणि त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याला पडतो. सुदाचा व्यवहार घरात नको, हा अम्मीचा नियम. पैसे रोख होते, तो प्रश्न तिथेच संपला.

शेवटी फोन आम्ही गावातल्या दुकानातून घेतला. मी दुकानदाराला सेलची किंमत दाखवली. तो म्हणाला, "आपा, 16,900 द्या, वर काच आणि कव्हर लावून देतो." काच आणि कव्हर बाहेर घेतलं तर चारशेच्या घरात जातं. म्हणजे भाव जवळपास तोच आणि काही बिघडलं तर जाऊन उभं राहायला एक माणूस. हा माणूसही आलेखात नसतो. पण सेलचा आकडा माहीत नसता तर मी त्याला साडेसतरा आनंदाने दिले असते. अम्मीला अकराशे रुपये परत केले. तिने ते दोनदा मोजले.

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेकीचा वसतिगृहातून निरोप आला, सोबत आलेखाचं चित्र. सूचना काढायची राहून गेली होती. नवं मॉडेल बाजारात आलं होतं आणि आमचा फोन 15,999 वर उतरला होता. खड्डा नाही, पायरी. परत चढायची नाही.

खरं सांगायचं तर ही पायरी मला जूनमध्येच दिसायला हवी होती. आदल्या वर्षी हा फोन ऑगस्टमध्ये आला होता. त्याआधीचं मॉडेलही त्याच सुमाराला आलं होतं आणि त्याचा आलेख उघडला असता तर नवं येताच जुनं किती उतरतं हे कळलं असतं. मी तो उघडलाच नाही. पुढच्या वेळी मी आधी मागच्या मॉडेलचा आलेख पाहीन. पण पाहिला असता तरी एक ऑगस्टची तारीख हलली नसती. प्रवेशाचे निरोप, ओटीपी, शुल्काच्या पावत्या, सगळं त्या दीड महिन्यात फोनवरच आलं.

हे अम्मीला सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी सांगितलं. तिने विचारलं, "किती कमी?"

"काच-कव्हर सोडलं तर पाचशे."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाचशेचं चालेल. मला भीती तीन हजारांची होती."

लेकीला मी लगेच फोन केला आणि ती सूचना आधी काढून टाक म्हणून सांगितलं.