चोवीस तासांची मुदत

पूर्वी पेढीवर बिल चुकले की ते फाडून दुसरे लिहीत. चूक घरातच राही आणि घरातच मिटे. 1 ऑगस्ट 2023 पासून ज्यांची वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांहून अधिक आहे, अशा पेढ्यांना नोंदणीकृत व्यापाऱ्यास दिलेले प्रत्येक बिल शासनाच्या पोर्टलवर नोंदवावे लागते. पेढीच्या संगणकातील ईआरपी प्रणाली बिलाचा तपशील थेट तेथे पाठवते आणि काही क्षणांत 64 अक्षरांचा आयआरएन क्रमांक व क्यूआर कोड परत येतो. गाडीचा तपशील सोबत दिला असल्यास ई-वे बिलही त्याच वेळी तयार होते. सोय मोठी आहे. परंतु एकदा कळ दाबली की चूकही तितक्याच वेगाने घराबाहेर जाते.

इचलकरंजीतील कापडाच्या एका पेढीचे उदाहरण घेऊ. इंदूरच्या ग्राहकास 4,00,000 रुपयांचे सुती कापड आणि त्यावर 5 टक्के दराने 20,000 रुपये कर, असे बिल सायंकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी निघाले. याच ग्राहकाची दुसरी पेढी सुरतेस होती. बिल करणाऱ्या मुलाने यादीतून चुकून तिचे नाव निवडले. कर दोन्हीकडे सारखाच, म्हणून बेरीज बिनचूक जुळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 11 वाजता वृद्ध दिवाणजींनी बिल हाती घेतले. त्यांची नजर रकमेवर नव्हे, तर ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवर गेली. ‘‘अरे, माल इंदूरला चालला आहे ना? मध्य प्रदेशाचे 23 हवेत, येथे गुजरातचे 24 आहेत.’’ हे बिल तसेच राहिले असते तर 20,000 रुपयांची कर-वजावट इंदूरऐवजी सुरतेच्या पेढीच्या खात्यात दिसली असती, आणि माल मिळूनही वजावट नाही म्हणून इंदूरच्या ग्राहकाने पैसे अडवून धरले असते.

मुलगा म्हणाला, ‘‘काका, ईआरपीमधून बिल काढून टाकतो आणि त्याच क्रमांकाने नवे करतो.’’ दिवाणजींनी त्याचा हात थांबवला. पेढीच्या वहीतून बिल पुसले तरी पोर्टलवर ते जिवंतच राहते. तेथून ते विक्रीच्या विवरणपत्रात आपोआप उतरते आणि वहीत नसलेल्या विक्रीचा कर दिसू लागतो. क्रमांकही पुन्हा वापरता येत नाही, कारण विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार व बिल क्रमांक यांवरूनच आयआरएन घडतो. रद्द झाले तरी त्या क्रमांकाची जागा भरलेलीच राहते.

पोर्टलवर बिलात दुरुस्ती होत नाही. ते संपूर्ण रद्दच करावे लागते, आणि त्यास 24 तासांची मुदत असते. ही मुदत मध्यरात्रीपर्यंतची नव्हे. पोर्टलने दिलेल्या पोचेच्या वेळेपासून ती मोजली जाते. म्हणजे त्यांच्या हाती सायंकाळी 5.40 पर्यंतचा वेळ होता. क्रमही ठरलेला आहे. ई-वे बिल चालू असेपर्यंत आयआरएन रद्द होत नाही. म्हणून आधी ई-वे बिल, मग आयआरएन.

गाडी अद्याप ट्रान्सपोर्टच्या आवारातच उभी होती, हे सुदैव. दिवाणजींनी प्रथम फोन करून ती तेथेच थांबवली. नंतर ईआरपीमधूनच ई-वे बिल रद्द केले, ‘माहिती भरण्यातील चूक’ हे कारण देऊन आयआरएन रद्द केला आणि दोन्हींची स्थिती पोर्टलवर जाऊन डोळ्यांनी पाहिली. त्यानंतरच पुढील क्रमांकाने इंदूरचे नवे बिल व नवे ई-वे बिल काढले. जुने कागद चालकाकडून परत घेऊन नवे दिले, आणि मगच गाडी सुटली.

गाडी निघून गेली असती आणि वाटेत अधिकाऱ्याने ई-वे बिल तपासले असते, तर ते 24 तासांच्या आतही रद्द झाले नसते. पर्यायाने आयआरएनही नाही. मुदत उलटल्यावरही हीच अडचण येते. अशा वेळी सामान्यतः चुकीच्या नावावर तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट काढून तिचाही आयआरएन घ्यावा लागतो व योग्य नावावर नवे बिल करावे लागते.

मात्र प्रत्येक चुकीसाठी बिल रद्द करावे लागत नाही. केवळ गाडी बदलली असेल, तर ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये नवा क्रमांक भरणे पुरेसे असते.

त्या पेढीवर आता एक नियम झाला आहे. गाडी सुटण्यापूर्वी बिल करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी माल जाण्याचे ठिकाण आणि जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक ताडून पाहायचे, आणि बिलावरील पोचेच्या वेळेखाली पेन्सिलीने रेघ ओढायची.